चारने भाग जाणारी नाडी

नर्सिंगच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं सिस्टर ट्यूटर होते. विद्यार्थिनींनी वॉर्डात भरलेले टीपीआरचे तक्ते, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदी, संध्याकाळी माझ्या टेबलावर यायचे. ते तपासायला मला फार वेळ लागत नसे. नाडीचा रकाना वरून खाली एकदा वाचला की पुरे. ७२, ८०, ७६, ८४, ७२, ८८, ७६. एकही विषम आकडा नाही. बरं, नुसते सम म्हणावेत तर ७४ नाही, ७८ नाही, ८२ नाही. सगळ्यांना चारने भाग जातो. आता वॉर्डातल्या तीस माणसांची हृदयं काही चाराच्या पाढ्यात धडधडत नसतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं आहे हे त्या मुलीनं कबूल करायची गरजच नसे. तक्ताच कबूल करायचा. आणि रकाना वरपासून खालपर्यंत ७२ असेल, तर मनगटाला हातसुद्धा लागलेला नसायचा.

ही पुस्तिका अशाच दोन जुन्या विद्यार्थिनींनी केली आहे. अर्धी पुस्तिका, अर्धी वही. पुढच्या पानांत आकृत्या आणि कृती, मागे रोजच्या नोंदीसाठी आखलेली पानं. घरात बीपीचा किंवा हृदयाचा रुग्ण आहे, सकाळी फिरायला जाणारं कुणी आहे, नाहीतर नुसतंच स्वतःची नाडी किती असते याचं कुतूहल आहे, अशा सगळ्यांसाठी ती आहे. प्रस्तावना मागायला आल्या तेव्हा दोघी म्हणाल्या, "मॅडम, दोन पानं पुरेत." दोन पानांत मावलं नाही. कारण विश्रांतीची नाडी मोजणं या तीन शब्दांत नाडी सापडते, मोजणंही जमतं. गडबड होते ती पहिल्या शब्दात. पण तिथे पोचायच्या आधी मनगट.

डावा तळहात वर करून हात मांडीवर किंवा उशीवर सैल सोडा. अंगठ्याच्या बाजूने खाली आलात की मनगटाशी एक टणक हाड बोटाला लागतं. मनगटाच्या मधोमध दोऱ्या आहेत. मूठ वळून मनगट जरा आत वाकवलं की त्या ताठ होऊन दिसतात. त्यांतली अंगठ्याकडची दोरी आणि ते हाड यांच्यामध्ये एक उथळ घळ आहे. मनगटाच्या घडीपासून बोटभर वर, कोपराच्या दिशेने, त्या घळीत उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं शेजारीशेजारी टेकवा. धमनी इथे कातडीच्या जवळ आहे आणि तिच्या खाली हाड आहे, म्हणून ती बोटाला लागते. दोरीच्या दुसऱ्या बाजूला, मनगटाच्या मध्यावर, दहा मिनिटं शोधलंत तरी काही मिळणार नाही. नवशिक्यांची बोटं हमखास तिथेच जातात.

दुसरी चूक दाबण्याची. नाडी सापडत नाही म्हणून माणूस जोरात दाबतो, आणि दाबली की धमनी चपटी होऊन ठोका बुजतो, मग तो आणखी दाबतो. उलट करायचं. आधी ठोका पूर्ण नाहीसा होईपर्यंत दाबायचं, आणि मग बोटं हळूहळू सैल करत यायचं. एका जागी ठोका बोटाला सगळ्यात ठळकपणे उचलतो. तिथे थांबायचं. दळणवाल्याकडे पीठ चिमटीत घेऊन बारीक-जाड पाहतो, तेवढाच हलका स्पर्श. हात मागे ताणलेला असेल तर धमनीही ताणली जाते आणि ठोका मंद लागतो, म्हणून मनगट किंचित आत झुकलेलं बरं. घड्याळाचा पट्टा, घट्ट बांगड्या वर सरकवा. हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणा, थंडीत धमनी आक्रसते.

तरीही सापडली नाही तर घाबरू नका, दुसरं मनगट पाहा. काही लोकांची धमनी मनगटाच्या थोडी आधीच हाताच्या पाठीकडे वळते, त्यांची नाडी नेहमीच्या घळीत लागत नाही. आणि ज्यांची अँजिओग्राफी मनगटातून झाली आहे, त्यांतल्या काहींची त्या हाताची धमनी नंतर बुजते. हाताला रक्त दुसऱ्या धमनीतून मिळत राहतं, त्यामुळे त्यांना त्रास नसतो, पण नाडी लागत नाही. डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असेल तर तो हात सोडूनच द्यायचा.

आता अंगठा. अंगठ्याने नाडी पाहू नये हे सगळ्यांना पाठ असतं, का ते फार थोड्यांना सांगता येतं. अंगठ्याच्या पेरात स्वतःची धमनी चांगली जोरकस असते, आणि दुसऱ्याची नाडी पाहताना मोजणाऱ्याला आपलीच लागू शकते. एकदा पहिल्या वर्षाच्या मुलीनं एका आजोबांची नाडी ९६ लिहिली होती. आजोबा शांत पडलेले, ताप नाही, सकाळची नोंद ५८. मी शेजारी उभी राहून मोजली तर ५८च. मग त्या मुलीचं मनगट धरलं. ९६. पहिलाच आठवडा, मागे ट्यूटर उभी, आणि हातात अंगठा. तिने अगदी प्रामाणिकपणे मोजलं होतं, फक्त स्वतःला.

स्वतःच्या नाडीत मात्र ही अडचण उरत नाही. अंगठाही तुमचा आणि मनगटही तुमचं, हृदय एकच. आकडा चुकायचं कारण नाही. तिथे अंगठा नको तो वेगळ्या कारणाने: अंगठ्याचा जोर जास्त पडतो, आणि ठोका जोरदार आहे की बारीक, एखादा गळतो आहे का, हे त्याने कळत नाही. पुस्तकांत हा फरक क्वचितच सांगतात, आणि मग कुणीतरी हुशार वाचक स्वतःवर अंगठ्याने मोजून पाहतो, आकडा बरोबर येतो, आणि तो बाकीच्या सूचनाही थोतांड समजतो.

मोजणीत खरी मेख शून्याची आहे. रांगोळीचे पाच ठिपके एका ओळीत काढले तर त्यांच्यामध्ये अंतरं चारच पडतात. नाडीचंही तसंच. आपण मोजतो ठोके, पण हवी असतात ती ठोक्यांमधली अंतरं. घड्याळ सुरू केलं त्याच क्षणी जो ठोका पडला तो 'एक' नाही, तो 'शून्य'. पुढचा 'एक'. बहुतेक जण पहिल्याच ठोक्याला 'एक' म्हणतात. पूर्ण मिनिट मोजलं तर या चुकीने फरक पडतो एका ठोक्याचा, सोडून द्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर तीच चूक चौपट होते. दहा सेकंद मोजून सहाने गुणणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

खऱ्या आकड्यावर करून पाहू. समजा नाडी आहे ८२, आणि घड्याळ नेमकं एका ठोक्याबरोबर सुरू केलं. पंधरा सेकंदांत साडेवीस अंतरं बसतात. शून्यापासून मोजलं तर वीस ठोके होतात, गुणिले चार ८०. एकपासून मोजलं तर एकवीस, गुणिले चार ८४. खरा आकडा ८२, आणि तो या रीतीने येऊच शकत नाही. चार ठोक्यांपेक्षा लहान बदल या रीतीला दिसतच नाही, आणि विश्रांतीच्या नाडीत महिन्याभरात जो बदल व्हायचा तो बहुधा तेवढाच असतो.

म्हणून पूर्ण साठ सेकंद. सेकंदकाट्याचं घड्याळ समोर भिंतीवर किंवा उशीशी ठेवायचं. मोबाइलचं स्टॉपवॉच वापरणाऱ्यांची एक पंचाईत होते: एक हात धरलेला, दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर, मग बटण दाबायचं कशानं? बटण दाबायला बोटं उचलली की ठोका सुटतो. स्टॉपवॉच आधीच चालू करून बाजूला ठेवावं, बोटं टेकवून चार-पाच ठोके नुसते ऐकावेत, ठेका अंगात भिनू द्यावा, आणि मग सोयीच्या आकड्यावर जो ठोका पडेल त्याला शून्य म्हणून सुरुवात करावी.

मिनिटभर धीर धरवत नसेल तर माझ्याकडे एक तोड आहे, आणि ती पंधरा सेकंदांपेक्षा कितीतरी चांगली. वेळ ठरवून ठोके मोजण्याऐवजी ठोके ठरवून वेळ मोजायची. शून्यापासून तिसाव्या ठोक्यापर्यंत किती सेकंद गेले ते पाहायचं आणि १८०० ला त्याने भागायचं. तीस ठोक्यांना २८ सेकंद लागले तर १८०० भागिले २८, म्हणजे ६४ आणि थोडं वर. ठोका अर्धवट राहण्याचा प्रश्नच नाही, कारण सुरुवातही ठोक्यावर आणि शेवटही ठोक्यावर. घड्याळ वाचण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी आकडा एखाद्या ठोक्याने हलतो, बस. मात्र ही युक्ती नाडीचा ठेका सारखा असेल तरच. ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण मिनिटाला पर्याय नाही.

ठेका सारखा म्हणजे तरी किती सारखा? लक्ष देऊन पाहाल तर श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात. तरुण माणसात आणि मुलांत हे स्पष्ट जाणवतं. तो आजार नाही. पण मोजताना बरेच जण नकळत श्वास रोखून धरतात, सुईत दोरा ओवताना धरतात तसा, आणि मग नाडी आपली चाल बदलते. आकडे ओठांनी म्हणू नका, मनात म्हणा, आणि श्वासाला त्याच्या मनासारखं चालू द्या.

मिनिटाच्या हिशेबाने नाडी मोजायची रीत आपण समजतो तितकी जुनी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सँक्टोरिअस नावाच्या वैद्याने लंबक वापरला. दोरी लांब-आखूड करत लंबकाचा झोका नाडीशी जुळवायचा, आणि दोरीची लांबी हीच नाडीची नोंद. मिनिट मोजणारं खास घड्याळ करवून घेऊन त्यावर नाडी मोजली ती जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टराने. त्याचं या विषयावरचं पुस्तक १७०७ सालचं. आपल्याकडच्या नाडीपरीक्षेत तर आकडा महत्त्वाचाच नव्हता. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल आहे: सापासारखी, बेडकासारखी, हंसासारखी. वैद्यबुवांच्या त्या निदानाबद्दल मी काही म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण त्या परंपरेतल्या ग्रंथांत एक सूचना आहे ती मी दरवर्षी वर्गात सांगत असे. नुकतीच अंघोळ झालेल्या, जेवलेल्या, भुकेल्या-तहानलेल्या, उन्हातून आलेल्या किंवा व्यायामाने थकलेल्या माणसाची नाडी नीट कळत नाही, असं ते सांगतात. हातात सेकंदकाटा नसलेल्या माणसांना विश्रांती म्हणजे काय ते कळलं होतं. आमच्या वॉर्डात सेकंदकाटे होते, आणि नाडी मोजली जायची ती रुग्ण जिना चढून पलंगावर टेकतो न टेकतो तोच.

माझे धाकटे दीर यंदा चौपन्न वर्षांचे झाले. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी आमच्याकडे आले; आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चहा झाला, गप्पा चालल्या होत्या, आणि मध्येच त्यांनी मनगट धरलं, मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, चौऱ्याऐंशी. माझ्याबरोबर फिरायला येतो त्याची बासष्ट आहे. माझंच वयाहून म्हातारं झालंय का हृदय?" तो बासष्टवाला कधी मोजतो, असं मी विचारलं. पहाटे, अंथरुणात. आणि तुम्ही? यावर ते हसले, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

तेव्हाच, तिथेच, मी त्यांची नाडी तीन बोटांनी पूर्ण मिनिट मोजली. ८२ आली. म्हणजे त्यांच्या चौऱ्याऐंशीतले दोन ठोके गुणाकाराचे आणि पहिल्या 'एक'चे. मग त्यांना खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून बसवलं, मोबाइल काढून घेतला आणि पाच मिनिटं बोलू दिलं नाही. ही अट त्यांना जिन्यापेक्षा अवघड गेली. पाच मिनिटांनी ७५. नुसतं बोलणं थांबवून स्वस्थ बसल्याने सात ठोके उतरले. बोलण्यानं नाडी वाढते हे कुणाच्या गावी नसतं. दवाखान्यात तर रुग्णाचं मनगट हातात घेऊनच विचारपूस चालते, आणि उत्तर देताना त्याची नाडी वर जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरी, उठण्याआधी, पडल्यापडल्या मोजली. ६६. पंच्याहत्तर आणि सहासष्ट यांच्यामधल्या नऊ ठोक्यांत जिना किती, चहा आणि फराळ किती, बसणं-पडणं यातला फरक किती आणि दिवसाची वेळ किती, हे वेगवेगळं करून सांगता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. माणूस एकच, हृदय एकच, चौदा-पंधरा तासांत ८२, ७५ आणि ६६. यांतला कुठला खरा? तिन्ही खरे, पण विश्रांतीचा एकच.

सकाळची रीत पुस्तिकेत आकृतीसह दिली आहे, तरी त्यातल्या ज्या जागी लोक घसरतात त्या सांगते. गजराने दचकून जागे झालात तर लगेच मोजू नका. दोन-चार मिनिटं डोळे मिटून पडून राहा. लघवी तुंबलेली असताना नाडी थोडी चढी असते, तेव्हा तसं असेल तर आधी जाऊन या, पण परत येऊन पाच मिनिटं आडवं व्हा. मोबाइलवरचे निरोप मोजून झाल्यावर. चहा मोजून झाल्यावर. आणि एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही: आपल्या गावाकडे कितीतरी बायका उठल्याबरोबर मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूने नाडी हमखास वाढते, मग ती विडी-सिगारेटची असो, चुन्याबरोबर मळलेली असो की दातांवर घासलेली. एका मावशींची सकाळची नाडी नेहमी नव्वदीत. विचारपूस केल्यावर कळलं की मशेरी लावून, तोंड धुऊन, मग सावकाश अंथरुणात परत येऊन त्या 'उपाशीपोटी' मोजायच्या.

नाडी झोपून मोजली की बसून, हे आकड्याशेजारी लिहा. झोपून असते त्यापेक्षा बसून थोडी जास्त, उभं राहिल्यावर आणखी जास्त. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि हृदयाला जरा घाई करावी लागते. डॉक्टरांना दाखवायचा आकडा शक्यतो बसून घेतलेला असावा, कारण तेही बसूनच पाहतात. स्वतःची तुलना स्वतःशी करायची असेल तर पहाटेचा पडून घेतलेला आकडा उत्तम. दोन्ही एकाच रकान्यात मिसळलेत तर वही फुकट गेली.

आणि एका दिवसावर जाऊ नका. भाऊजींचा पहिला आठवडा मला त्यांनी वाचून दाखवला: ६६, ६५, ६७, ६४, ६६, ७४, ६६. सहाव्या दिवशीच्या ७४ ने ते पुन्हा घाबरले. आदल्या रात्री पुतणीच्या लग्नाची हळद होती, झोपायला दोन वाजले होते. जागरण, आदल्या दिवसाचं जडसर जेवण, येऊ घातलेली सर्दी, अंगात कसर, या सगळ्यांनी सकाळची नाडी वर जाते. ताप तर सेल्सिअसच्या अंशागणिक आठ-दहा ठोके वाढवतो. सरासरी काढली तर ते ७४ सगळ्यांना आपल्याबरोबर ओढतं. म्हणून मी सरासरी काढत नाही. सात आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लिहायचे आणि मधला, चौथा घ्यायचा. ६४, ६५, ६६, ६६, ६६, ६७, ७४. भाऊजींची विश्रांतीची नाडी ६६. महिन्याने पुन्हा आठवडाभर मोजून मधला आकडा काढा, मग त्या दोघांची तुलना करा. मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० असली की पुस्तकं तिला ठीक म्हणतात. नियमित पळणाऱ्या-पोहणाऱ्यांची पन्नाशीत किंवा त्याहूनही खाली असते, आणि अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर ती त्या गोळ्यांनीच उतरलेली असते. अशा वेळी आकडा कमी दिसला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता मनगटाची मर्यादा. बोटाला जो लागतो तो हृदयाचा ठोका नव्हे, त्या ठोक्याने पाठवलेली लाट. एरवी दोन्ही एकच. पण नेहमी नाही.

आमच्या शेजारच्या आजी, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या सुनेने एका सकाळी मला घाईघाईने बोलावलं: आजींची नाडी अडतीस. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही ३८ दाखवत होता, त्यामुळे मोजण्यात चूक नव्हती. आजी मात्र खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. चक्कर नाही, धाप नाही. मी मनगट धरलं. ठोके सावकाश, पण अगदी नियमित. मग स्टेथोस्कोप डाव्या छातीखाली ठेवला आणि दुसरा हात मनगटावर तसाच ठेवला. छातीत ७६ ठोके. प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे लगेच दुसरा, घाईचा. तो घाईचा ठोका इतका लवकर पडत होता की हृदय भरायला वेळच मिळत नव्हता, आणि रिकाम्या हृदयाने पाठवलेली लाट मनगटापर्यंत पोचत नव्हती. यंत्रालाही ती दिसली नाही, कारण यंत्रही बोटातली लाटच मोजतं. त्यांना ईसीजीसाठी नेलं, तिथे हेच निघालं. अशी नाडी आढळली तर ईसीजी हवाच; पण हृदय अडतीसने चाललं आहे असं नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे ठोक्यांना ठेकाच नसणं. दोन जवळ, एक लांब, मग तीन घाईने, एक जोरात, एक जेमतेम. अधूनमधून एखादा ठोका चुकणं वेगळं, तसं पुष्कळांचं होतं. इथे पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाजच बांधता येत नाही. ही लय उतारवयात जास्त दिसते, आणि ती ओळखणं आकड्यापेक्षा जास्त मोलाचं, कारण तिच्यामुळे हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा माणसाची नाडी मनगटावर ७८ आणि छातीवर ९० अशी तफावत निघते. वॉर्डात आम्ही ती दोघी मिळून मोजायचो: एकीचा स्टेथोस्कोप छातीवर, दुसरीची बोटं मनगटावर, घड्याळ एकच, सुरुवात एकाच खुणेवर. घरी ते करायची गरज नाही. म्हणूनच वहीत आकड्याच्या शेजारी 'लय' असा रकाना आहे. ठेका सारखा वाटला तर बरोबरची खूण, नाही वाटला तर फुली. फुल्या येत राहिल्या तर आकड्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. विश्रांतीत शंभराच्या वर किंवा, गोळ्या आणि व्यायाम नसताना, पन्नासच्या खाली आकडा रोज येत असेल तरीही. आणि छातीत दाब, धाप किंवा भोवळ असेल तेव्हा वही बाजूला ठेवायची आणि माणसाला घेऊन दवाखाना गाठायचा.

विद्यार्थिनींनी वहीत महिन्याचं पान एकतीस ओळींचं केलं आहे. मी सात म्हणत होते. त्यांचं म्हणणं, ज्याला रोज मोजायचं त्याने रोज मोजावं. बरं. पण ज्यांना आधीच धडधड मोजत बसायची सवय आहे, दिवसातून दहा वेळा मनगट धरतात, त्यांनी महिन्यातून एकच आठवडा मोजावा असं मी सुचवते. काळजीने मोजलेल्या नाडीत काळजीचेही ठोके येतात.

भाऊजींनी वहीची कच्ची प्रत तीन महिने वापरली. नोव्हेंबर-डिसेंबरची पानं पाहून मी खूश होते: ६५, ६७, ६६, ६३, सम-विषम सगळे मिसळलेले. जानेवारीचं पान त्यांनी फोटो काढून पाठवलं. ६४, ६८, ६४, ६४, ६८, ७२, ६४. मी फोन लावला. "भाऊजी, परत पंधरा सेकंद?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "वहिनी, थंडी बघा की काय पडलीय. मिनिटभर हात पांघरुणाबाहेर निघत नाही."

मी म्हटलं, दोन्ही हात पांघरुणातच राहू देत, घड्याळ तेवढं बाहेर ठेवा.